सगळे पाच वर्षांसाठी बांधावे की दरवर्षी नव्याने ठेवावे? निवृत्तीनंतरच्या ठेवींची शिडी

प्रश्न : मी पुण्यातल्या एका खासगी कारखान्यातून यंदा निवृत्त झालो, वय ६०. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिलमध्ये ३० लाख टाकले (८.२ टक्के). आणखी २५ लाख बचत खात्यात पडून आहेत. बँकेतले म्हणतात, दर उतरताहेत, सगळे पाच वर्षांसाठी बांधून टाका. मुलगा म्हणतो, एकेका वर्षाने ठेवा, दर वाढले तर फायदा होईल. घरखर्च व्याजावरच आहे. एका मित्राने ‘एफडीची शिडी करा’ असे सांगितले. नक्की काय करू?

उत्तर : बँकेचा सल्ला आणि मुलाचा सल्ला एकमेकांच्या विरुद्ध दिसत असले, तरी दोघांचाही पाया एकच आहे. पुढची पाच वर्षे व्याजदर कोणत्या दिशेने जातील, याचा अंदाज दोघांनी बांधला आहे आणि तुमचे २५ लाख त्या अंदाजावर लावायला ते सांगत आहेत. बँकेच्या ठेव विभागात नोकरीची बरीच वर्षे काढल्यामुळे आणि आता ओळखीच्या निवृत्त मंडळींच्या ठेवींची वेळापत्रके लावून देत असल्यामुळे मी हा प्रश्न वेगळ्या बाजूने पाहतो. कोणत्या वर्षी तुमची किती रक्कम एकदम मोकळी होणार आहे, आणि त्या दिवशी जो दर असेल तो निमूटपणे घेण्यावाचून तुम्हाला किती रकमेबाबत गत्यंतर नसेल, हे मी आधी विचारतो. पुनर्गुंतवणुकीची जोखीम म्हणतात ती हीच. ती नाहीशी करता येत नाही, पण एका तारखेवर साचू न देता अनेक वर्षांत वाटता येते, आणि शिडीचे, म्हणजे वेगवेगळ्या वर्षी मुदत संपणाऱ्या ठेवींचे, काम एवढेच आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलून घेऊ. मी असे धरून चाललो आहे की मुलाचे घर, लग्न किंवा ठरलेली शस्त्रक्रिया अशा कारणासाठी या २५ लाखांतली मोठी रक्कम पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणार नाही, आरोग्य विमा आहे, आणि सहा-आठ महिन्यांचा खर्च बचत खात्यात वेगळा राहणार आहे. तसे नसेल तर ती रक्कम आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेचाच विचार करा. महागाईचा प्रश्न शिडीने सुटत नाही. तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी वेगळी तरतूद लागते.

आता आकड्यांत पाहू. हिशोब सोपा राहावा म्हणून आज सर्व मुदतींना ७ टक्के दर मिळतो आणि व्याज दर तिमाहीला खात्यात येते असे समजू. (प्रत्यक्षात मुदतीप्रमाणे दर वेगळे असतात, त्याबद्दल पुढे लिहितो.) २५ लाखांवर वर्षाला १,७५,००० रुपये येतील. वर्षभरानंतर दर साडेपाच टक्क्यांवर उतरला आणि तिथेच राहिला, तर मुलाच्या पद्धतीने ठेवलेली सगळी रक्कम पहिल्या नूतनीकरणाला साडेपाच टक्क्यांवर येईल आणि तुमचे वार्षिक व्याज एका फटक्यात १,३७,५०० होईल. बँकेच्या पद्धतीने पाच वर्षे १,७५,००० येत राहतील, पण सहाव्या वर्षी तीच ३७,५०० रुपयांची घट एकदम समोर येईल. शिडीत ५ लाखांच्या पाच पावत्या एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या असतात, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या शेवटी फक्त ५ लाख कमी दरावर जातात. व्याज ७,५०० रुपयांनी घटून १,६७,५०० होते, पुढच्या वर्षी १,६०,०००, त्यानंतर १,५२,५००, मग १,४५,०००. शेवटी तुम्ही त्याच १,३७,५०० वर येता, मात्र तिथे पोहोचायला पाच वर्षे लागतात आणि दरवर्षीचा धक्का घरखर्चात सामावून घेता येईल इतकाच असतो.

पाच वर्षांची बेरीज केली तर या परिस्थितीत बँकेच्या मार्गाने ८,७५,०००, शिडीने ८,००,००० आणि मुलाच्या मार्गाने ७,२५,००० मिळतात. दर उलट वाढून साडेआठ टक्के झाला, तर बँकेच्या मार्गाने तेच ८,७५,०००, शिडीने ९,५०,००० आणि मुलाच्या मार्गाने १०,२५,००० मिळतात. शिडी दोन्ही वेळा मध्येच राहिली आहे, हे नीट पाहून ठेवा. शिडीमुळे व्याज जास्त मिळते असे सांगणारा माणूस चुकीचे सांगतो आहे. दर असे एकाच दिशेने गेले, तर ती सर्वांत जास्त कधीच देत नाही आणि सर्वांत कमीही कधी देत नाही. व्याज हेच ज्याचे उत्पन्न आहे, त्याला ‘सर्वांत कमी’ परवडत नाही, म्हणून हा सौदा मी योग्य मानतो. ज्याला पगार चालू आहे त्याला मी हा आग्रह धरत नाही.

अंदाज किती फसवे असतात हे गेल्या काही वर्षांत सगळ्यांनीच पाहिले आहे. ठेवींचे दर ज्याच्या मागोमाग हलतात तो रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला. मे २०२२ पासून तो चढायला लागला, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्के झाला, तिथे दोन वर्षे थांबला आणि फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा उतरू लागला. २०२० च्या मध्यावर, आणखी उतरेल या भीतीने ज्यांनी सगळे पैसे पाच वर्षांसाठी बांधले, ते चढे दर नुसते बघत राहिले आणि त्यांच्या पावत्या २०२५ च्या मध्यावर, नेमके दर उतरत असताना, मोकळ्या झाल्या. त्याच वेळी शिडी केलेल्यांच्या दोन-तीन पावत्या चढ्या काळात पडल्या आणि ते दर त्यांना पुढे काही वर्षे मिळत राहिले.

तुमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुमची पाचव्या वर्षाची पायरी आधीच भरलेली आहे, आणि तीसुद्धा प्रमाणाबाहेर. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर खाते उघडताना जो असतो तो पाच वर्षे कायम राहतो, त्यामुळे तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिना साधारण साडेवीस हजार, निश्चित आहेत. पण ते ३० लाख पाच वर्षांनी एकाच दिवशी मुदत पूर्ण करतील. बँकेचे ऐकून उरलेले २५ लाखही आज पाच वर्षांसाठी ठेवले, तर तुमची संपूर्ण ५५ लाखांची पुंजी एक-दोन महिन्यांच्या फरकाने मोकळी होईल आणि तुमच्या पासष्टीनंतरचे सगळे उत्पन्न त्या एका हंगामातल्या दरावर ठरेल. म्हणून २५ लाखांच्या शिडीत पाचवी पायरी रिकामी सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी ती अशी लावली असती. प्रत्येकी ५ लाख एक, दोन, तीन आणि चार वर्षांच्या मुदत ठेवींत जातील. राहिलेल्या ५ लाखांचे साधारण दहा वर्षांनी मुदत संपणारे केंद्र सरकारचे रोखे घेता येतील. एक वर्षाची पावती मोकळी झाली की ती पुन्हा एका वर्षासाठी न ठेवता पाच वर्षांसाठी ठेवायची, म्हणजे ती सहाव्या वर्षी येते. दुसऱ्या वर्षाची पावती अशीच सातव्यात, तिसरी आठव्यात आणि चौथी नवव्यात येते. पाचव्यात योजनेचे ३० लाख आणि दहाव्यात रोखे. चार वर्षांनंतर तुमच्याकडे पुढच्या प्रत्येक वर्षी काहीतरी मोकळे होत असेल, आणि पाचवे वर्ष सोडले तर कोणत्याही एका वर्षी ५ लाखांहून अधिक रक्कम त्या वर्षीच्या दराच्या हवाली नसेल.

शिडी चालते ती ‘मोकळी झालेली रक्कम नेहमी सर्वांत लांबच्या पायरीवर’ या एकाच नियमावर, आणि मोडते तीही तिथेच. बहुतेक ठिकाणी ठेव उघडताना ‘आपोआप नूतनीकरण’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि ठेव आहे तेवढ्याच मुदतीसाठी पुन्हा सुरू होते. म्हणजे एका वर्षाची दरवर्षी, दोन वर्षांची दर दोन वर्षांनी. मग चौथ्या वर्षी तुमच्या एक, दोन आणि चार वर्षांच्या तिन्ही पावत्या एकाच वेळी मोकळ्या होतात आणि शिडी राहतच नाही. म्हणून पावती करतानाच ‘मुदतपूर्तीची रक्कम खात्यात जमा करा’ अशी सूचना द्या आणि पावतीवर तीच छापली आहे ना, हे काउंटर सोडण्यापूर्वी वाचा. मात्र मग तारीख लक्षात ठेवणे तुमच्याकडे आले, कारण बचत खात्यात पडलेल्या ५ लाखांवर फारच थोडे व्याज मिळते. मुदत संपूनही कोणतीच सूचना नसलेल्या पावतीवर तर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर यांपैकी जो कमी असेल तोच मिळतो.

शिडी मोडण्याचा दुसरा रस्ता म्हणजे बँकांच्या खास मुदती. ४४४ दिवसांच्या ठेवीला चार-दोन दशांश जास्त दर दिसतो आणि पुणेकर गणित न सोडवता पुढे जात नाही. पण ४४४ दिवस म्हणजे एक वर्ष आणि ७९ दिवस. एकदा घेतलीत तर पायरी अडीच महिन्यांनी सरकते, यात काही बिघडत नाही. प्रत्येक पावती मोकळी झाल्यावर तीच मुदत घेत गेलात, तर मात्र लांबची पायरी कधी भरतच नाही आणि तुम्ही नकळत मुलाच्या मार्गाला लागता. माझ्या अनुभवात बहुतेक शिड्या अशाच संपतात. ठेवणाऱ्याला वाटते आपण शिडी चालवतो आहोत, आणि कपाटातल्या सगळ्या पावत्यांच्या तारखा येत्या दीड वर्षातल्या असतात. वर्षातून एकदा पावत्या समोर मांडून फक्त मुदतपूर्तीची वर्षे एका कागदावर उतरवा. एखादे वर्ष दोनदा आले किंवा सर्वांत लांबचे वर्ष जवळ येत चालले, तर ते लगेच दिसते.

लांबच्या पायरीला दर कमी मिळतो, ही तक्रार खरी आहे. अनेक बँकांमध्ये एक ते तीन वर्षांचा दर सर्वांत चांगला असतो आणि पाच वर्षांचा त्याहून थोडा कमी. हा फरक अर्ध्या टक्क्यापर्यंत असेल तर मी तो उत्पन्न स्थिर ठेवण्याचा खर्च समजतो, कारण ५ लाखांवर तो वर्षाला अडीच हजार रुपये होतो. फरक एक टक्क्याच्या पुढे गेला असेल तर त्या वर्षापुरते तीन वर्षांसाठी ठेवून पुढच्या वेळी जागा भरून काढायला हरकत नाही.

दर वाढले तर लांबची ठेव मोडून नव्याने ठेवू, असे अनेकांच्या मनात असते. व्यक्तींच्या १ कोटी रुपयांपर्यंतच्या मुदत ठेवी मुदतीपूर्वी मोडू देणे बँकांना बंधनकारक आहे (पाच वर्षांची करबचत ठेव याला अपवाद), पण मोडण्याचा हिशोब आधी समजून घ्या. तुम्ही ५ लाख पाच वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवले आणि दोन वर्षांनी मोडले, तर बँक ठेव उघडली त्या दिवशीचा दोन वर्षांचा दर पाहते. तो साडेसहा होता असे धरा. त्यातून एक टक्का दंड वजा होतो, म्हणजे साडेपाच टक्के. तुम्हाला ७ टक्क्यांनी व्याज देऊन झालेले असल्यामुळे दोन वर्षांचा दीड टक्क्याचा फरक, म्हणजे सुमारे १५,००० रुपये, मुद्दलातून वळते होतात आणि हातात ४,८५,००० येतात. उरलेल्या तीन वर्षांत हे नुकसान भरून निघायला नवा दर निदान सव्वाआठ टक्के हवा. दर सव्वा टक्क्याने चढल्याशिवाय मोडण्यात अर्थ नाही, आणि शिडीत दरवर्षी एक पावती आपोआप मोकळी होत असल्यामुळे तशी घाई करण्याचे कारणही उरत नाही. दंड बँकेनुसार बदलतो. काही ठिकाणी अर्धा टक्का असतो, म्हणून तो आधीच विचारून ठेवा.

याच हिशोबातून अडचणीच्या वेळी कोणती पावती मोडावी तेही कळते. नुकसान ठेव जितकी जुनी तितके जास्त, कारण कमी झालेला दर गेलेल्या सर्व काळाला लागतो. त्यामुळे गरज पडल्यास सर्वांत नवी पावती मोडावी. जिची मुदत दोन-चार महिन्यांवर आली आहे तिला हात लावू नये. तेवढ्या काळासाठी पावतीवर कर्ज घेणे स्वस्त पडते, कारण त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दराहून एक-दोन टक्केच जास्त असतो. म्हणूनच प्रत्येक पायरी ५ लाखांच्या एका पावतीऐवजी अडीच लाखांच्या दोन पावत्यांनी केलेली बरी. दीड लाख हवे असताना ५ लाखांची ठेव मोडावी लागत नाही.

मुदती वेगवेगळ्या आणि बँक मात्र एकच, अशी शिडी अर्धवट असते. पुण्यात हे वेगळे सांगायला नको. रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधल्या काळात ठेवीदारांच्या पावत्यांवरच्या तारखांना काहीच अर्थ उरला नव्हता. आता ठेव विम्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपये आहे (४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ती १ लाख होती), आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. मात्र या ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आले, आणि त्या बँकेतल्या सर्व शाखांमधल्या सर्व ठेवी व बचत खाते एकत्र धरले जाते. सहकारी किंवा लघु वित्त बँकेचा जास्त दर मोहात पाडत असेल, तर तिथे सगळे मिळून पावणेपाच लाखांच्या पुढे जाऊ नका. बाकीच्या पायऱ्या दोन मोठ्या बँकांत वाटा. खासगी कंपन्यांचे दहा-अकरा टक्क्यांचे रोखे या शिडीत मी घेणार नाही. व्याज थकले तर शिडीची ती पायरीच जाते, आणि काही रोख्यांत दर उतरल्यावर मुदतीपूर्वीच पैसे परत करण्याचा हक्क कंपनीकडे असतो, म्हणजे तुम्हाला लांबची मुदत सर्वांत जास्त हवी तेव्हाच ती काढून घेतली जाते.

सरकारी रोख्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या सुविधेत विनाशुल्क खाते उघडता येते, किमान १०,००० रुपयांपासून लिलावात भाग घेता येतो आणि व्याज दर सहा महिन्यांनी बँक खात्यात येते. फक्त एक गोष्ट ठेवीपेक्षा वेगळी आहे. बाजारातला दर एक टक्क्याने वाढला, तर दहा वर्षांच्या रोख्याची किंमत साधारण सात टक्क्यांनी उतरते. ५ लाखांचे पावणेपाचच्याही खाली गेलेले दिसले की घरात चर्चा सुरू होते. मुदत संपेपर्यंत ठेवणाऱ्याला दर्शनी मूल्य पूर्ण मिळते, त्यामुळे या घसरणीचा तुमच्या उत्पन्नाशी संबंध नाही. पण मध्येच विकायचे म्हटले तर छोट्या रकमेला चांगला भाव मिळेलच असे नाही. म्हणून कधीही मोडावे लागणार नाहीत असेच पैसे इथे ठेवा. हे नको वाटत असेल, तर तेच ५ लाख मोठ्या बँकेत सहा वर्षांसाठी ठेवा आणि पुढच्या वर्षी मोकळी होणारी पावती सातव्या वर्षात न्या.

एक छोटी पण उपयोगी गोष्ट. योजनेचे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला येते. ठेवी मे महिन्यात उघडल्या आणि तिमाही व्याज ठेवीच्या तारखेपासून मोजले गेले, तर ते ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे मध्ये येईल आणि महिन्यांमधली पोकळी भरेल. काही बँका मात्र तारखेप्रमाणे न देता मार्च, जून अशा ठरलेल्या तिमाहीअखेरीस देतात, तेव्हा आधी विचारा. दरमहा व्याजाचा पर्यायही असतो, पण त्यात दर किंचित कमी करून देतात.

राहता राहिले पाचव्या वर्षीचे ३० लाख. त्या दिवशी दर चांगले नसतील तर काय, ही चिंता तुम्हाला आजच असायला हवी, पण तिच्यावर योजनेतच थोडा उपाय आहे. मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत अर्ज करून खाते तीन वर्षांसाठी वाढवता येते, आणि वाढीव काळाला मुदत संपली त्या दिवशीचा योजनेचा दर लागतो. वाढवल्यानंतर एक वर्ष झाले की कोणतीही कपात न होता खाते बंद करता येते. म्हणजे पाचव्या वर्षी खाते वाढवायचे, आणि सहाव्या ते आठव्या वर्षांमध्ये जेव्हा बँकांचा लांबच्या मुदतीचा दर योजनेच्या दरापेक्षा बरा दिसेल तेव्हा ते बंद करून रक्कम ५-६ लाखांच्या तुकड्यांत वेगवेगळ्या वर्षांच्या पायऱ्यांवर चढवायची. तोपर्यंत तुमचे हे खाते एकाच्या नावावर आहे का, पत्नीचे वय ६० झाले आहे का, हे पाहून ठेवा. पात्र असतील तर त्यांना स्वतःच्या नावाने वेगळी ३० लाखांची मर्यादा मिळते, आणि तुमच्या शिडीतली मोकळी झालेली एखादी पावती बँकेऐवजी तिथे जाऊ शकते. मात्र पैसे तुमचे असतील तर त्यावरचे व्याज करासाठी तुमच्याच उत्पन्नात धरले जाते.